पुळीवर काय लावायचं: टी ट्री, सल्फर की सॅलिसिलिक?

प्रश्न: वय २४. पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्यापाशी चार-पाच पुळ्या येतातच. घरात तीन गोष्टी आहेत: टी ट्री ऑइलची छोटी बाटली, सॅलिसिलिक अ‍ॅसिड २% जेल आणि अमेरिकेहून मावसबहिणीने आणलेली सल्फर १०% ची ट्यूब. यातलं सगळ्यात स्ट्राँग कोणतं? तिन्ही आलटूनपालटून लावले तर लवकर जातील का? मागच्या आठवड्यात टी ट्री लावलं तिथे कातडी भाजल्यासारखी झाली, आता तपकिरी डाग आहे.

उत्तर:

आधी त्या डागाबद्दल बोलू, कारण बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत. मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट. पुळी कसली आहे हे मी ठरवत नाही, पण ट्यूबवर काय छापलंय आणि ते कातडीवर काय करेल हे रोज सांगते. टी ट्रीने भाजलेला चेहरा घेऊन अधूनमधून कोणी ना कोणी येतंच. बाटली काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, हे तर नॅचरल आहे ना?"

तुमची बाटली हातात घ्या आणि पुढचं मोठं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक तिथे "शंभर टक्के शुद्ध" असं काहीतरी असेल आणि त्याखाली "वापरण्याआधी पातळ करा" अशी एक ओळ. ही शंभर टक्क्यांची गोष्ट आपण शुद्धतेची खूण म्हणून वाचतो. तुपाच्या डब्यावर वाचतो तशी. पण चेहऱ्यावर लावायच्या वस्तूच्या बाबतीत तो ताकदीचा आकडा आहे. टी ट्री तेलाची पुळ्यांवर जी नीट तपासणी झाली ती ५ टक्क्यांच्या जेलची. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर असं ५% जेल आणि पुळ्यांवरचं नेहमीचं औषध, ५% बेंझॉइल पेरॉक्साइड, यांची तुलना झाली. दोन्हींनी पुळ्या कमी झाल्या. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि आग कमी झाली. पुढे २००७ मध्ये इराणमधल्या डॉक्टरांनी ६० जणांवर ४५ दिवस तसंच ५% जेल वापरून पाहिलं आणि नुसत्या साध्या जेलपेक्षा ते चांगलं ठरलं. म्हणजे टी ट्रीबद्दल जे काही चांगलं ऐकलंत ते या पाच टक्क्यांबद्दल आहे. तुम्ही लावलंत ते त्याच्या वीसपट.

आता हे भाजणं होतं की अ‍ॅलर्जी, हे तुम्हीच आठवून पाहा, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. तेल लावल्यावर काही मिनिटांत किंवा त्याच रात्री चरचर झाली, जेवढं बोट टेकलं तेवढीच जागा लाल झाली आणि मग सालपट निघालं, तर ते भाजणं. उलट लावल्यावर एक-दोन दिवसांनी खाज सुटली, बारीक पाणीदार फोड आले आणि लाली तेल लावलेल्या जागेच्या बाहेर सरकली, तर ती अ‍ॅलर्जी. भाजलं असेल तर पुढे कधी ५ टक्क्यांचं तयार जेल जपून वापरता येईल. अ‍ॅलर्जी असेल तर टी ट्री कायमचं बंद. मग शॅम्पूतलंही नको, साबणातलंही नको, कारण एकदा बसलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जात नाही.

बाटली किती जुनी आहे हेही बघा. हे तेल हवेशी आणि उजेडाशी लवकर बिघडतं. बिघडलं म्हणजे वास जातो असं नाही. त्यातली रसायनं बदलून अशी होतात की अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता ताज्या तेलापेक्षा बरीच वाढते. बाथरूमच्या खिडकीत, झाकण सैल, दोन वर्षांपूर्वी उघडलेली बाटली असेल तर टाकून द्या. हे तेल नीलगिरीच्याच कुळातल्या ऑस्ट्रेलियन झाडाचं आहे आणि पोटात गेलं तर विषारी. लहान मूल गुंगीत गेल्यासारखं होतं, तोल जातो. घरात पोरंबाळं असतील तर ती बाटली सर्दीच्या औषधाशेजारी ठेवू नका. मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्या अंगालाही लावू नका.

"मग घरीच पातळ करते" असं म्हणाल म्हणून आत्ताच सांगते. पाच टक्के म्हणजे एक भाग तेल आणि एकोणीस भाग दुसरं काहीतरी. दहा ग्रॅमच्या ट्यूबला जेमतेम अर्धा ग्रॅम तेल. घरी काय होतं? तळहातावर खोबरेल घेतात, त्यात दोन-तीन थेंब टाकतात. खोबरेल असतं पाच-सहा थेंब. झालं ना तीस-पस्तीस टक्के. शिवाय ड्रॉपर ड्रॉपरला थेंब लहानमोठा. कोरफडीच्या जेलमध्ये कालवणारे तर आणखी फसतात, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. जेल ढवळल्यावर एकजीव दिसतं, पण आत तेलाचे बारीक थेंब तसेच तरंगत असतात आणि त्यातला एखादा नेमका पुळीवर बसतो. तिथे तो शंभर टक्केच असतो. कंपनी जेल बनवते तेव्हा तेल धरून ठेवणारा पदार्थ त्यात घालते, आपण घालत नाही. म्हणून टी ट्री वापरायचंच तर तयार जेल घ्या, आणि ज्यावर टक्के लिहिलेत तेच घ्या.

इथे एक मेख आहे. टी ट्रीची बहुतेक जेलं आपल्याकडे कॉस्मेटिक म्हणून विकली जातात, औषध म्हणून नाही. अमेरिकेतही पुळ्यांसाठी चिठ्ठीविना विकायच्या औषधांची जी सरकारी यादी आहे, तिच्यात सॅलिसिलिक आणि सल्फर आहेत, टी ट्री नाही. त्यामुळे टी ट्री किती घातलं हे सांगायची सक्ती त्यांच्यावर नसते. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि मोठं नाव, मागे घटकांच्या यादीत "मेलाल्युका अल्टर्निफोलिया लीफ ऑइल" हे सुगंधाच्याही नंतर, शेवटच्या ओळीत. कॉस्मेटिकच्या यादीत घटक जास्त ते कमी या क्रमाने लिहितात आणि एक टक्क्याखालचे कसेही लिहिता येतात. सुगंधाच्या मागे उभं असलेलं तेल एक टक्क्याच्या आतच असणार, हे ओळखायला फार्मासिस्ट असायची गरज नाही. "लीफ ऑइल"ऐवजी "लीफ वॉटर" लिहिलं असेल तर ते तेल काढताना उरलेलं पाणी. त्याने अपाय नाही, उपायही नाही.

आता "स्ट्राँग कोणतं". तुमच्याकडे २, १० आणि १०० असे तीन आकडे आहेत, पण ते एका पट्टीवरचे नाहीत. एक चमचा साखर आणि एक चमचा लाल तिखट सारखंच भरतं, म्हणून भाजीत सारखं पडतं का? दोन टक्के सॅलिसिलिक कातडीला दहा टक्के सल्फरपेक्षा जास्त झोंबू शकतं. टक्के फक्त त्याच औषधाच्या दोन ट्यूबांमध्ये ताडून पाहायचे. त्या अमेरिकन यादीत सॅलिसिलिकला अर्धा ते दोन टक्के आणि सल्फरला तीन ते दहा टक्के अशी हद्द आहे. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन्ही ट्यूबा आपापल्या वरच्या टोकाला आहेत. याहून स्ट्राँग शोधायची गरज नाही. शोधलंत तर चुकीच्या कपाटात हात जाईल.

ते चुकीचं कपाट म्हणजे काय, ते सॅलिसिलिकच्या बाबतीत सांगायलाच हवं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड कातडीच्या वरच्या मेलेल्या थराचं चिकटणं सैल करतं, आणि तेलात मिसळणारं असल्यामुळे तेलकट छिद्राच्या तोंडात शिरतं. काळे-पांढरे दाणे, बारीक खडबडीतपणा यावर ते बरं. तांबड्या, ठणकणाऱ्या, आत गाठ असलेल्या पुळीवर त्याचा फारसा जोर चालत नाही. पण हेच अ‍ॅसिड मेडिकलमध्ये चार वेगवेगळ्या कामांसाठी चार ताकदींत असतं. चेहऱ्याचं जेल दोन टक्क्यांपर्यंत. टाचांच्या आणि सोरायसिसच्या जाड कातडीचं मलम सहा किंवा बारा टक्के. कुरूप आणि चामखिळीवर लावायचं पातळ औषध सोळा-सतरा टक्के, त्यात बऱ्याचदा तेवढंच लॅक्टिक अ‍ॅसिडही. नाव सगळ्यांवर एकच.

माझ्याच दुकानात हे घडता घडता राहिलंय. नवीन पोरगा काउंटरवर होता. एका कॉलेजच्या मुलाने "सॅलिसिलिकचं मलम द्या, पिंपल्सला" असं सांगितलं आणि याने खणातून जे हाताला लागलं ते काढलं, बारा टक्क्यांचं. बिल करताना माझी नजर गेली म्हणून बरं. बारा टक्के हनुवटीवर चार दिवस लावलं असतं तर पुळी राहिली असती बाजूला आणि कच्ची कातडी उघडी पडली असती. तेव्हापासून बारा टक्क्यांची ट्यूब मी वेगळ्या खणात ठेवते आणि त्या खणावर स्केचपेनने "पाय" असं लिहिलंय.

त्याहून वाईट प्रकार तिसऱ्या खणात असतो. तीन टक्के सॅलिसिलिक आणि सोबत स्टेरॉइड. लेबलवर घटकांत "सॅलिसिलिक अ‍ॅसिड ३%" दिसतं आणि लोकांना वाटतं, दोनपेक्षा जरा स्ट्राँग मिळालं. सोबतचं नाव वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. शेवटी "सोन" किंवा "सोल" आलं की हात मागे घ्या आणि विचारा. (बुरशीवरच्या मायकोनाझोलचा शेवट "झोल" आहे हे मला ठाऊक आहे; नियम अचूक नाही, पण थांबायला पुरतो.) या मलमाने पुळी दोन दिवसांत बसते, चेहरा उजळ वाटतो आणि महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होऊन बारीक लाल रेषा दिसतात, बंद केलं की दुप्पट पुळ्या येतात. २०१८ मध्ये सरकारने कातडीला लावायची अशी कित्येक स्टेरॉइडं चिठ्ठीवरच द्यायच्या यादीत टाकली ती याच कारणाने. तरी मैत्रिणीने दिलेली अर्धी वापरलेली ट्यूब घरोघरी फिरतेच.

तुमच्या २% जेलमध्ये आणखी एक गोष्ट बघा, दारू. म्हणजे अल्कोहोल. घटकांच्या यादीत ते पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर जेल लावताक्षणी थंड वाटेल, लगेच वाळेल आणि कातडी ओढल्यासारखी होईल. अ‍ॅसिडची आग आणि अल्कोहोलची आग लोक एकत्र करून "मला सॅलिसिलिक सोसत नाही" म्हणतात. कधी कधी तेच दोन टक्के बिनअल्कोहोलच्या जेलात मजेत सोसतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र सॅलिसिलिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, दोघं एकाच घरातले. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही आधी सांगा.

आता सल्फर, आपला गंधक. माझा यावर जीव आहे, हे कबूल करते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरून आम्ही सल्फरचं मलम दुकानातच घोटून द्यायचो. पिवळी पूड काचेच्या फरशीवर घ्यायची, दोन थेंब ग्लिसरीनने आधी ओली करायची, लांब पात्याच्या सुरीने गुठळी मोडेपर्यंत घोटायची आणि मग थोडं थोडं मलम मिसळायचं. गुठळी राहिली की ते खरखरीत लागायचं आणि त्या कणाखाली कातडी जास्त चिडायची. आजच्या ट्यूबमधलं सल्फर फार बारीक असतं, पण स्वभाव तोच. वरचा थर सैल करतं, तेलकटपणा कमी करतं, जंतूंना थोडा आळा घालतं. सॅलिसिलिकइतकं झोंबत नाही, पण कोरडं पाडतं. आणि वास. काडेपेटी आणि कुजकं अंडं यांच्या मधला. बाहेर जायच्या आधी लावू नका, आणि गळ्यात-कानात चांदी असेल तर काढून ठेवा, सल्फरने चांदी काळी पडते. दहा टक्क्यांचं लावून झोपलात तर उशीच्या अभ्र्यालाही वास लागतो.

"मला सल्फाच्या गोळ्यांची अ‍ॅलर्जी आहे, मग सल्फर चालेल का?" हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी येतो. सल्फा ही वेगळी औषधं आहेत, सल्फर हे मूलद्रव्य. नाव जुळतं, अ‍ॅलर्जी जुळत नाही. फक्त काही परदेशी ट्यूबांत सल्फरसोबत "सल्फासेटामाइड" असतं, आणि ते मात्र खरंच सल्फा आहे. तुमच्या मावसबहिणीच्या ट्यूबवर तसं नाव आहे का बघा.

त्या अमेरिकन ट्यूबवर मागे काळ्या रेघांची एक चौकट असेल, "ड्रग फॅक्ट्स" अशा मथळ्याची. ही चौकट मला फार आवडते, कारण तिच्यात जाहिरात शिरत नाही. पहिल्या ओळीत काम करणारा घटक आणि त्याचे टक्के. मग इशारे. सल्फरच्या ट्यूबवर नेमकं लिहिलेलं असतं की फाटलेल्या किंवा फुटलेल्या कातडीवर लावू नका, अंगाच्या मोठ्या भागावर लावू नका, फक्त पुळ्यांच्या जागीच लावा. डोळ्यांत गेलं तर पाण्याने नीट धुवा. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की नखाने फोडलेल्या पुळीवर ही ट्यूब लावायची नाही आणि त्या भाजलेल्या डागावर तर आत्ता मुळीच नाही. लावून ठेवायचं की दहा मिनिटांनी धुवायचं, हेही तिथेच वाचा. दहा टक्के सल्फरचे काही मास्क असतात, ते धुवायचेच असतात. ते रात्रभर ठेवले की सकाळी कातडी टराटरा सोलते. आणि काही बाटल्यांत तळाशी गुलाबी गाळ, वर पारदर्शक पाणी असं असतं. ती हलवायची नसते. कापसाची काडी सरळ गाळात बुडवायची. औषधाची बाटली दिसली की हलवायची ही आपली सवय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिन्ही आलटूनपालटून लावायचं का, याचं उत्तर त्याच चौकटीत छापलेलं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सल्फर आणि सॅलिसिलिक अशा दोन्ही ट्यूबांवर जवळपास एकच वाक्य सापडेल: याच्यासोबत पुळ्यांचं दुसरं औषध लावलं तर आग आणि कोरडेपणा होण्याची शक्यता वाढते, तसं झालं तर एका वेळी एकच वापरा. मी यात एकच भर घालते: तसं होण्याची वाट बघू नका, पहिल्या दिवसापासून एकच वापरा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा हिशेब वेगळा असतो. पुळी आठ-दहा दिवसांत बसते. पण कातडी चिडली, सोलली, भाजली की तिथे रंग साठतो, आणि तो तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाही. लोक मग त्या डागासाठी आणखी एक क्रीम घ्यायला येतात. आणि तीन गोष्टी एकदम लावल्या की बरं कशाने वाटलं आणि बिघडलं कशाने, हेही कळत नाही.

तुमच्या जागी माझी भाची असती तर तिला मी काय सांगितलं असतं ते सांगते. पहिले दोन आठवडे काहीच लावू नको. साध्या, बिनवासाच्या फेसवॉशने दिवसातून दोनदा तोंड धू, डागावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरव, आणि सकाळी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लाव, कारण उन्हाने तो डाग आणखी गडद होतो. डाग सपाट झाला, चरचर पूर्ण थांबली, की मगच पुढे.

मग दोनपैकी एक निवडायचं. हनुवटीवर बोट फिरवल्यावर बारीक दाणे लागत असतील, नाकापाशी काळे ठिपके असतील तर सॅलिसिलिक २%. कातडी तशी स्वच्छ असून महिन्यातून तेवढ्या चार तांबड्या पुळ्याच येत असतील, किंवा अ‍ॅसिडने आग होते असा आधीचा अनुभव असेल, तर सल्फर. तुमच्या वर्णनावरून, आणि कातडी नुकतीच भाजून निघाली आहे हे धरून, मी सल्फरकडे झुकते. पण दाणे असतील तर माझं मत बदलेल, ते तुम्हीच आरशात बघून ठरवा.

पहिले तीन दिवस एक किंवा दोनच पुळ्यांवर, मोहरीएवढं घेऊन, रात्री लावा. हा तीन दिवसांचा नियम मी मनाने काढलेला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सॅलिसिलिक आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या पुळ्यांच्या औषधांबाबत इशारा दिला होता, की क्वचित कुणाला त्यांची गंभीर अ‍ॅलर्जी होते. ओठ, जीभ, डोळे सुजतात, घसा आवळतो, श्वास लागतो. म्हणून नवीन माणसाने आधी तीन दिवस छोट्या जागेवर लावून पाहावं, असा सल्ला दिला गेला. सुरुवातीच्या आगीत आणि यात गल्लत करू नका. पुळीपाशी थोडं चुरचुरणं चालतं. ओठ किंवा पापणी सुजली, श्वासाला त्रास झाला, तर धुऊन टाका आणि लगेच दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

तीन दिवस नीट गेले तर रोज रात्री एकदा. लेबलवर "दिवसातून एक ते तीन वेळा" असेल, पण त्याच लेबलवर पुढे लिहिलेलं असतं की एकदापासून सुरुवात करा. ते दुसरं वाक्य कोणी वाचत नाही. तोंड धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या कातडीवर जास्त झोंबतं. ओठांच्या कडा, नाकपुडीची घडी, डोळ्यांखालची जागा सोडा. सालपटं निघायला लागली तर एक दिवसाआड करा. तरी थांबत नसेल तर आठवडाभर बंद.

अजून एक गोष्ट, जी "स्पॉट जेल" या नावामुळे लपते. दिसणारी पुळी ही उशिरा दिसणारी गोष्ट असते. छिद्र आतून तुंबायला कित्येक आठवडे आधी सुरुवात झालेली असते. वर आलेल्या पुळीवर जेल लावून ती एक-दोन दिवस आधी बसेल, एवढंच. पुढच्या महिन्याची पुळी त्याने अडत नाही. सॅलिसिलिक निवडलंत तर म्हणून ते एकेका ठिपक्यावर न लावता, जिथे नेहमी पुळ्या येतात त्या हनुवटीच्या सगळ्या पट्ट्यावर पातळ थर लावणं जास्त शहाणपणाचं, आणि तेही एक दिवसाआड सुरू करून. सल्फरचं मात्र पुळीपुरतंच ठेवा. फरक पडला का हे सहा ते आठ आठवड्यांनी बघायचं, म्हणजे दोन पाळ्या जाऊ द्यायच्या. सुरू करायच्या आधी हनुवटीचा एक फोटो काढून ठेवा, खिडकीपाशी, सकाळी, त्याच जागी उभं राहून पुढचे काढा. आरसा रोज वेगळं सांगतो.

कुठे थांबायचं हेही सांगून ठेवते. पाळीच्या आधी, जबड्याच्या कडेला, खोल आणि दुखऱ्या गाठी येत असतील, तर त्या आतल्या हार्मोनशी जोडलेल्या असतात आणि या तिन्हीपैकी कशानेही हलत नाहीत. त्यात पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पाळीबद्दल त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. पुळी बसल्यावर खड्डा राहत असेल तरी वाट बघू नका, कारण डाग कालांतराने जातो, खड्डा नाही. जाताना घरातल्या तिन्ही वस्तू पिशवीत घालून घेऊन जा. "काहीतरी जेल लावत होते" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही, पण मागची बारीक अक्षरं त्यांना दहा सेकंदांत वाचता येतात.

आणि दोन आठवडे झाल्यावर, ट्यूब उघडायच्या आधी, तिची तारीख बघा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ०४/०९ आणि पुढे वर्ष असं असेल तर ते तिकडे नऊ एप्रिल.